डीपीची पाळी आणि बोअरचं पाणी

रब्बीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, औंढा किंवा कळमनुरीकडच्या कोणत्याही बागायती शिवारात उभं राहिलं, तर एकाच गावात दोन वेगळ्या रीती चाललेल्या दिसतात. एक जमिनीच्या वर असते आणि दुसरी जमिनीच्या खाली.

वरची रीत डीपीची. 63 केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या बारा-तेरा मोटारी नीट चालू शकतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त जोडलेल्या असतात, आणि बऱ्याच जणांनी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाइट आली की मालक घरी झोपलेला असला तरी मोटार आपोआप सुरू होते. अडचण अशी की सुरू होण्याच्या क्षणी मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी जागे झाले की फ्यूज उडतो, आणि हे रोज घडत राहिलं तर एके दिवशी डीपीच जळते. दुसरी येईपर्यंत हळद वाळते. एक-दोनदा असा फटका बसला की त्या डीपीवरचे शेतकरी पारावर बसतात आणि ठरवतात: ऑटो काढून टाकायचे, मोटारी पाळीने लावायच्या, डीपी जळाली तर हॉर्सपॉवरप्रमाणे वर्गणी काढायची, आणि जो ऐकणार नाही त्याची वायर उतरवायची. हे कोणी लिहून ठेवत नाही, त्यावर कोणी प्रवचनही देत नाही. तरी ते बऱ्यापैकी पाळलं जातं.

खालची रीत बोअरची. त्याच मोटारी ज्या पाण्यात सोडलेल्या असतात, ते पाणीही त्याच खडकातलं, म्हणजे सामाईकच. पण तिथे पाळी नाही की वर्गणी नाही. एकाला तीनशे फुटांवर पाणी लागलं की शेजारी चारशे फुटांची तयारी करतो. पाणाड्या येतो, तमिळनाडूची बोअरची गाडी येते, रात्रभर खडक फोडते आणि सकाळी अनेकदा नुसता फुफाटा निघतो. माणसं तीच आहेत, त्यांचा स्वार्थ तोच आहे, गाव तेच आहे. मग वर नियम का उगवला आणि खाली का उगवला नाही?

हा प्रश्न शेतीचा वाटतो, पण नीतिविचारातला तो फार जुना प्रश्न आहे. प्रत्येकजण आपापलं हित पाहतो असं गृहीत धरलं, तरी माणसांमध्ये सहकाराचे नियम येतात कुठून? गेल्या शतकात या प्रश्नाला ‘कैद्यांचा पेच’ आणि ‘सामाईकाची शोकांतिका’ अशा दोन कल्पनांनी घट्ट आकार दिला. त्यांची मुळं मात्र बरीच खोल जातात.

महाभारतात शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक कथा सांगतात. राजा नव्हता तेव्हा लोक पाण्यातल्या माशांसारखे एकमेकांना गिळून नाश पावत होते. मग ते एकत्र जमले आणि त्यांनी आपसात करार केले: जो शिवराळ बोलेल, जो दांडगाई करेल, जो दुसऱ्याच्या बायकोवर किंवा धनावर हात टाकेल, त्याला आपण टाकून द्यायचं. हेतू एवढाच, की सगळ्यांचा एकमेकांवर विश्वास बसावा. काही काळ ते त्या करारावर राहिले. पण पुढे त्यांचं त्यातून भागेना, म्हणून ते ब्रह्मदेवाकडे गेले आणि राजा मागू लागले. मनू आधी नकार देतो. तेव्हा लोक त्याला धान्याचा दहावा हिस्सा आणि इतर वाटा देऊ करतात. या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा क्रम. आधी लोकांचा आपसातला करार आणि बहिष्काराची शिक्षा येते. राजा नंतर येतो, तोही पगारी.

इंग्लंडमध्ये यादवी युद्ध होऊन गेल्यावर 1651 मध्ये थॉमस हॉब्जने ‘लेव्हायथन’ लिहिलं, त्यात ही मधली पायरी जवळजवळ गळून पडली. त्याच्या मते तलवारीविना केलेले करार म्हणजे नुसते शब्द. मी वचन पाळावं, पण समोरचा पाळेल याची खात्री नसेल तर मी स्वतःला त्याच्या तोंडी देतो. म्हणून सगळ्यांच्या वर बसणारी, सगळ्यांना धाक असणारी एक सत्ता हवी. हॉब्जने पेच अचूक ओळखला होता, हे मान्य करायला हवं: माणसं वाईट असतात असं त्याचं म्हणणं नव्हतं, समोरच्याबद्दल खात्री नसली की शहाणा माणूसही आधी हात उचलतो, असं त्याचं म्हणणं होतं. बोअरच्या गाडीला फोन लावणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात नेमकं हेच असतं. शेजाऱ्याचं वाटोळं व्हावं अशी त्याची इच्छा नसते. आपण थांबलो तर शेजारी थांबेल याचा त्याला भरवसा नसतो.

डेव्हिड ह्यूम हॉब्जच्या मानाने जमिनीच्या अधिक जवळचा. 1739-40 साली आलेल्या त्याच्या ग्रंथात दोन शेतकरी आहेत. एकाचं पीक आज कापणीला आलंय, दुसऱ्याचं उद्या येणार. आज मी तुला मदत करावी आणि उद्या तू मला, यात दोघांचंही हित आहे. पण माझं तुझ्यावर प्रेम नाही, तुझंही माझ्यावर नाही. आज मी राबलो आणि उद्या तू आलाच नाहीस तर काय, या शंकेने दोघंही एकटे राहतात आणि दोघांच्याही पिकाची नासाडी होते. मराठवाड्यातल्या माणसाला हे वाचताना सावड आठवल्याशिवाय राहत नाही. एकेका बैलाचे दोन धनी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने औत हाकतात, ती सावड. साऱ्या आळीने मिळून एकाच्या शेतात कामाला जाणं ती इर्जिक. ह्यूमच्या शेतकऱ्यांना जे जमलं नाही ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमत आलं. का जमलं, याचं उत्तरही ह्यूमनेच दिलं आहे: ही गाठ एकदाची नसते. उद्या मी गेलो नाही तर पुढच्या मृगाला माझ्याकडे कोणी येणार नाही. वचन पाळणं हा आधी हिशेब असतो. तो हळूहळू, अनुभवाने, सवयीचा होतो, आणि मग वचन मोडणाऱ्याकडे पाहून आपल्याला चीड येऊ लागते. ती चीड म्हणजे नीती.

पण ह्यूमने तिथेच एक इशारा दिला होता. दोन शेजारी मिळून कुरणातलं साचलेलं पाणी काढू शकतात, कारण एक चुकला तर ते दुसऱ्याला लगेच कळतं. हजार माणसांना ते जमणार नाही. त्यांना एकमत करणं अवघड, आणि प्रत्येकजण आपला भार दुसऱ्यावर ढकलायला बघणार. त्याच्या मते तिथे शासन लागतं. दोघांमधला पेच आणि अनेकांमधला पेच यांत फरक आहे ही जाणीव तेव्हाच झाली होती. पुढची दोनशे वर्षं ती बरीचशी मागे पडली.

1833 साली ऑक्सफर्डचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम फॉर्स्टर लॉइड यांची लोकसंख्येवरची व्याख्यानं छापून आली. त्यांत त्यांनी एक साधी गोष्ट विचारली: सामाईक कुरणावरची गुरं इतकी खुरटी का असतात, आणि कुरण असं उघडं-बोडकं का? कारण आपल्या खासगी रानात एक जनावर वाढवलं तर त्याने खाल्लेल्या चाऱ्याचा तोटा माझाच होतो. सामाईक कुरणात वाढवलं तर फायदा माझा आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो. त्या व्याख्यानांकडे तेव्हा फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

पेचाला गणिताचा सांगाडा मिळाला तो 1950 साली. अमेरिकेतल्या रँड या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी दोन खेळाडूंचा एक खेळ रचला. दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांचा मध्यम फायदा, एकाने दगा दिला तर त्याचा मोठा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान, दोघांनीही दगा दिला तर दोघांची पडती बाजू. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या अल्बर्ट टकर यांनी स्टॅनफर्डला मानसशास्त्रज्ञांसमोर बोलताना या खेळाला गोष्टीचं रूप दिलं: वेगवेगळ्या कोठडीत ठेवलेले दोन आरोपी, आणि दोघांनाही दिलेलं आमिष की दुसऱ्याविरुद्ध बोललास तर तू सुटशील. तेव्हापासून तो कैद्यांचा पेच.

हा सांगाडा आपल्या शिवारात लावून पाहू. समजा, बांधाला बांध असलेले दोन शेतकरी आहेत. दोघांकडे चार-चार एकर रान आहे. खालच्या खडकात मिळून चार एकर हळद तयार होईपर्यंत पुरेल एवढं पाणी आहे. हळद मे-जूनमध्ये लागते आणि निघते जानेवारीनंतर, त्यामुळे तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी लागतं. दोघांनी दोन-दोन एकरच हळद लावली आणि उरलेल्या रानात हरभरा घेतला, तर प्रत्येकाला तीन लाख सुटतात. एकाने चारही एकर हळद लावून रात्रंदिवस मोटार चालवली आणि दुसरा दोन एकरांवरच थांबला, तर पहिल्याला चार लाख मिळतात, दुसऱ्याची हळद पाण्याविना पोसत नाही आणि त्याला एकच लाख हाती येतो. दोघांनीही चार-चार एकर लावली, तर पाणी डिसेंबरातच सरतं, गड्डे बारीक राहतात आणि दोघांना दोन-दोन लाख मिळतात. हे आकडे माझे, गणित दिसावं म्हणून घेतलेले. आता पहिल्या शेतकऱ्याच्या जागी बसून विचार करा. शेजारी थांबला तर मला तीनऐवजी चार मिळवता येतात. शेजारी थांबला नाही तर मला एकाऐवजी दोन वाचवता येतात. शेजाऱ्याने काहीही केलं तरी मला चारही एकर हळद लावणंच फायद्याचं. शेजारीही हेच म्हणतो. दोघंही शहाणपणाने वागतात आणि तीन-तीन लाखांऐवजी दोन-दोन लाखांवर येऊन थांबतात.

जमिनीखालचं वास्तव या तक्त्यापेक्षा कठोर आहे. हिंगोली जिल्हा जवळजवळ सगळा बेसॉल्टवर, आपल्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. वर माती, मग मुरूम, मग भेगांचा खडक, आणि त्याखाली घट्ट दगड. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. सच्छिद्र खडकाच्या एकूण आकारमानात हाती लागण्याजोगं पाणी साधारण दोन टक्के धरलं, तर एका एकराखालची एक मीटर पातळी म्हणजे सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी. तासाला दहा हजार लिटर फेकणारी मोटार ते आठ तासांत संपवते. म्हणजे शेतीची थ्री फेज लाइट आठ तास मिळाली, तर एका पाळीत एका एकराखालची एक मीटर पातळी उतरू शकते. वास्तवात आजूबाजूच्या रानातलं पाणी त्या खड्ड्याकडे झिरपत येतं, आणि म्हणूनच माझी मोटार चालते तेव्हा ती शेजाऱ्याच्या रानाखालचंही पाणी ओढते. कायद्याच्या दृष्टीने मात्र परंपरेने जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. पाणी बांध ओळखत नाही, कायदा ओळखतो.

गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने 1968 साली ‘सायन्स’मध्ये लिहिलेल्या निबंधात लॉइडचं कुरण पुन्हा पुढे आणलं आणि त्याला शोकांतिका म्हटलं. त्याचा निष्कर्ष असा, की सामाईक गोष्टीत मुक्त प्रवेश असेल तर सगळ्यांचा नाश ठरलेला. वाचायचं असेल तर एक तर वाटणी करून खासगी मालकी द्या, नाही तर सर्वसंमतीने सक्ती लादा. या निबंधाचा धोरणांवर मोठा परिणाम झाला. पण त्यात एक घोटाळा होता, आणि हार्डिननेही तो पुढे मान्य केला: तो ज्याला सामाईक म्हणत होता ते खरं तर विनानियमाचं, मोकाट रान होतं. ज्या कुरणाला राखण आहे, चराईची वेळ ठरलेली आहे, बाहेरच्या गुरांना बंदी आहे, ते कुरण त्या गोष्टीत बसत नाही.

आणि सक्तीचं काय? महाराष्ट्राने 1993 साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येणार नाही, अशी त्यात तरतूद होती. 2009 चा व्यापक भूजल अधिनियम 2014 पासून लागू झाला. त्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. दोनशे फूट ऐकून शिवारातला माणूस काही बोलत नाही. त्याच्या बांधावरचा पाइप त्याच्या दुप्पट खोल गेलेला असतो. हॉब्जची तलवार आहे, पण ती जिथे चालवायची तिथे रात्री कोण जागणार?

पेचातून सुटायची वाट पुन्हा दिसली ती खेळ एकदाच खेळायचा नसतो या जुन्या गोष्टीतून. फ्लड आणि ड्रेशर यांनीच आपला खेळ अर्मेन अल्चियन आणि जॉन विल्यम्स या दोघांकडून सलग शंभर वेळा खेळवून घेतला होता. सिद्धांताप्रमाणे दोघांनी कायम दगा द्यायला हवा होता. प्रत्यक्षात शंभरपैकी साठ डावांत दोघांनीही साथ दिली. जॉन नॅश यांनी आक्षेप घेतला की हे शंभर वेगळे खेळ नव्हेत, हा एकच लांबलचक खेळ आहे. आक्षेप बरोबर होता, आणि त्यातच उत्तर होतं. 1980 च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी वेगवेगळ्या तज्ज्ञांकडून संगणकासाठी डावपेच मागवून त्यांची स्पर्धा लावली. दोन्ही स्पर्धा जिंकल्या त्या ॲनाटोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेल्या सगळ्यांत सोप्या डावपेचाने: पहिल्यांदा साथ द्या, मग समोरच्याने मागच्या डावात जे केलं ते करा. सावडीचा हा अगदी तंतोतंत नियम.

आपल्या दोन शेतकऱ्यांचा हिशेब आता पुन्हा मांडू. करार मोडला तर या वर्षी एक लाख जास्त मिळतो, पण पुढच्या वर्षापासून शेजारीही थांबत नाही आणि दरवर्षी तीनऐवजी दोनच लाख हाती येतात. आजचा एक लाख आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा एक लाख, असा हा तोल आहे. पुढच्या वर्षीचा रुपया माझ्या लेखी आजच्या आठ आण्यांहून जास्त मोलाचा असेल, तर करार पाळणं फायद्याचं. त्याहून कमी असेल तर मोडणं फायद्याचं. या एवढ्याशा हिशेबाने मला गावाकडची एक गोष्ट समजते, जी नुसत्या नीतीच्या भाषेत कळत नाही. ज्याने रान एका वर्षाच्या ठोक्याने केलंय, किंवा ज्याला या मार्चमध्ये सावकाराचं देणं फेडलंच पाहिजे, त्याच्यासाठी पुढचं वर्ष आठ आण्यांचंही नसतं. तो नियम मोडतो तेव्हा त्याच्या चारित्र्यात खोट नसते. त्याच्याजवळ वायदा करण्यापुरतं भविष्यच उरलेलं नसतं.

तरीही हा सगळा हिशेब दोघांचा. खडकातल्या पाण्याचे धनी पन्नास असतात. पन्नासांमध्ये जशास तसं वागायचं म्हणजे काय करायचं? एकाने जास्त उपसलं म्हणून मीही मोटार जास्त चालवली, तर शिक्षा त्याला होत नाही, एकोणपन्नास जणांना होते. शिवाय त्याने जास्त उपसलं हे मला कळणार कसं? माझ्या बोअरचं पाणी गेलं ते त्याच्या मोटारीमुळे, कमी पावसामुळे की माझ्याच भेगेत गाळ बसल्यामुळे, हे पाणाड्याही सांगू शकत नाही. डीपी आणि बोअर यांतला फरक इथे उघड होतो. डीपीवर कोणाचा ऑटो आहे हे चालत जाऊन पाहता येतं. डीपी जळाली तर ती त्याच रात्री जळते, आणि सगळ्यांचीच जळते. चुकणाऱ्याची एकट्याची वायर उतरवता येते, बाकीच्यांना झळ न लागता. जमिनीखाली यांपैकी काहीच होत नाही. नुकसान हळूहळू होतं, एकेकाचं होतं, आधी उथळ विहिरीवाल्याचं, आणि कारण अदृश्य राहतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनांवरच्या कामासाठी. पण त्यांची सुरुवात भूजलापासून झाली होती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. 1965 सालचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भूजलक्षेत्रावर होता. तिथे शहरं, कंपन्या, शेतकरी सगळेच उपसत होते, पातळी समुद्रसपाटीच्या खाली गेली होती आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. पेच तोच, फक्त खेळाडू कितीतरी जास्त. तिथे जे घडलं त्याचे टप्पे पाहण्यासारखे आहेत. उपसणाऱ्यांनी संघटना काढली. 1945 साली दावा दाखल झाला आणि न्यायालयामार्फत तज्ज्ञ पाहणी झाली, त्यामुळे कोण किती उपसतो आणि खडकात येतं किती, हे सगळ्यांसमोर आलं. मग 1955 साली तात्पुरता करार झाला, त्यातली मेख अशी की एकूण हक्कांपैकी ऐंशी टक्के हक्क असलेल्यांनी सह्या केल्या तरच तो लागू होणार. आपण एकट्यानेच थांबलो आणि फसलो, ही भीती त्या एका अटीने काढून टाकली. पुढे एक देखरेख अधिकारी नेमला गेला आणि प्रत्येकाचा उपसा दरवर्षी छापून सगळ्यांना कळू लागला.

1990 साली आलेल्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या पुस्तकात ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावरानं, स्पेनचे पाटाच्या पाण्याचे संघ पाहून दाखवलं की टिकलेल्या व्यवस्थांत काही गोष्टी समान सापडतात: हद्द स्पष्ट असते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, राखणदार त्यांच्यातलाच असतो, आणि पहिल्या चुकीला छोटा दंड असतो, पुढच्याला मोठा. हॉब्जचा राजा आणि लॉइडचं बोडकं कुरण यांच्यामध्ये शांतिपर्वातली गळून पडलेली पायरी त्यांनी परत आणून ठेवली, असं मला वाटतं.

आपल्या राज्यात ही पायरी सगळ्यांत स्पष्ट दिसते ती अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात. 1989 पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, श्रमदानाने पाणलोटाचं काम केलं. पण माझ्या मते त्याहून अवघड निर्णय दोन होते: शेतीसाठी बोअर मारायचा नाही, आणि ऊस, केळीसारखी पिकं घ्यायची नाहीत. बोअरबंदी ही निव्वळ पाण्याची बचत नव्हे. उघड्या विहिरीतलं पाणी वाकून पाहता येतं, पातळी सगळ्यांना दिसते, कोणाची मोटार चालू आहे हे ऐकू येतं. बोअर बंद करून त्या गावाने आपलं सामाईक पाणी डोळ्यांसमोर ठेवलं, डीपीसारखं. त्यावर पाण्याचा ताळेबंद आला: यंदा पाऊस किती, खडकात किती मुरलं, माणसांना आणि जनावरांना आधी किती बाजूला ठेवायचं, मग उरलेल्यात कोणती पिकं किती.

हिंगोलीतही असे ताळेबंद आले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते आणि त्यात गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. ते काम चांगलं, पण पेच सोडवायला अपुरं. ताळेबंद गावाची एकूण तूट सांगतो, कोणी किती उपसलं ते सांगत नाही. एकूण तूट कळली की शहाणा माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस आधी आपला बोअर खोल करतो. वेस्ट बेसिनमध्ये नियम टिकला तो एकूण आकड्यावर नाही, नावानिशीच्या आकड्यावर. आपल्याकडे नावानिशी मोजायला मोटारीवर पाण्याचं मीटर लागेल असंही नाही; कोणाचं किती एकर बागायत आहे हे शिवारफेरीत एका सकाळी मोजता येतं, आणि हळदीचं रान लपवता येत नाही. उपशाचं तेच बऱ्यापैकी खरं माप आहे. बोअर दिसत नसला तरी त्यावर पोसलेलं पीक दिसतं.

इथपर्यंत स्वार्थाचा हिशेब आपल्याला घेऊन येतो, आणि इथून पुढे मला तो पुरेसा वाटत नाही. डेव्हिड गोथिए यांनी 1986 साली ‘मॉरल्स बाय अ‍ॅग्रीमेंट’मध्ये सगळी नीती अशा परस्परहिताच्या करारातून उभी करता येते असं मांडलं. समोरचा पाळणार असेल तर मी पाळीन, अशा वृत्तीचा माणूसच शेवटी फायद्यात राहतो, असा त्यांचा युक्तिवाद. पण करार ज्यांच्यात होतो त्यांच्याकडे एकमेकांना देण्यासारखं किंवा एकमेकांचं बिघडवण्यासारखं काहीतरी असावं लागतं. ज्याच्याकडे रान नाही, बोअर नाही, मोटार नाही, तो या खेळात खेळाडूच नाही. तो थांबला काय आणि न थांबला काय, कोणाचंच काही बिघडत नाही. पन्नास बोअरवाल्यांनी उत्तम करार केला तरी गावाचा हातपंप कोरडा पडू शकतो, आणि हंडा घेऊन दूर चालत जाणाऱ्या शेतमजूर बाईचं नाव त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात येत नाही.

याहून कठीण गोष्ट अशी, की हद्द, राखण, दंड, बहिष्कार ही सगळी हत्यारं आपल्या गावांनी शतकानुशतकं अतिशय कार्यक्षमतेने वापरली आहेत, आणि ज्यांच्याविरुद्ध वापरली ते गावचेच होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले तेव्हा तिथे सामाईक पाण्याचा नियम मोडकळीला आलेला नव्हता. तो घट्ट होता, सवयीचा होता, मोडणाऱ्याला शिक्षा होती, आणि आतल्यांच्या दृष्टीने त्यात परस्परविश्वासही होता. ऑस्ट्रॉम यांच्या कसोट्यांवर ते तळं बहुधा उत्तीर्ण झालं असतं. सहकाराचा नियम आणि न्याय्य नियम एकच असतात असं कैद्यांचा पेच कधीच सिद्ध करत नाही. नियम मुळात का उगवतो, एवढंच तो सांगतो.

म्हणून मला 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीचा नियम विचारांच्या इतिहासात वेगळ्या जागी ठेवावासा वाटतो. तिथे पाण्याचा वाटा जमिनीप्रमाणे नव्हता, माणशी होता: दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे. ऊस घ्यायला बंदी. आणि भूमिहीनालाही वाटा. शेवटच्या कलमाचं समर्थन नुसत्या स्वार्थाच्या गणितातून निघत नाही. पण एकदा ते कलम आलं की गणितच बदलतं: भूमिहीनाच्या हाती आता वाटून घेण्याजोगं, सोडण्याजोगं, अडवण्याजोगं काहीतरी आहे, तो खेळाडू झाला आहे, आणि पुढच्या करारात त्याला विचारावं लागतं.

हिंगोलीच्या एखाद्या गावात उद्या पाण्याचा नियम करायचा ठरला, तर तो बोअरवाल्यांच्या पारावरच्या बैठकीत होतो की ग्रामसभेत, यावर त्याचा बराचसा आकार ठरेल. पारावर ज्याची मोटार त्याचा आवाज. ग्रामसभेत हात मोजतात, आणि तिथे मोटार नसलेल्या बाईचाही एक हात असतो. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं की उरलं तर द्यायचं, ही ताळेबंदाची पहिली ओळ त्यामुळे बदलू शकते.